‘ओळख लागते’ म्हणजे नेमकी कुणाची?

प्रश्न: इंदूरला बांधकाम साइटवरच्या मजुरांच्या लहान मुलांसाठी दोन पाळणाघरं चालवते. मिळून ५० मुलं आहेत. संस्था साडेतीन वर्षांची, १२ए आणि ८०जी झालंय. आतापर्यंत साठेक कंपन्यांना मेल केले, एकाचंही उत्तर नाही. जो तो म्हणतो, ‘ओळख लागते.’ आमच्या घरात कुणी मोठ्या हुद्द्यावर नाही. देणगीदार आणि त्यांच्या प्रोग्राम ऑफिसरांशी ओळख कशी वाढवायची?

ताई, तुमचा मेल माझ्याकडे आला असता तर मीही उत्तर दिलं नसतं. मोठ्या कंपन्यांनी नफ्यातला काही भाग समाजाच्या कामावर खर्च करायचा, हा सीएसआरचा कायदा २०१४ साली लागू झाला, तेव्हा पीथमपूरच्या एका औषध कंपनीत मी एचआरमध्ये होते. तिथून उचलून मला सीएसआरच्या खुर्चीवर बसवलं. २०१९ मध्ये ती नोकरी सोडून स्वतःची छोटी संस्था काढली. त्यामुळे देणाऱ्यांच्या बाजूनेही बसले आहे आणि मागणाऱ्यांच्या रांगेतही उभी राहिले आहे. पुढे लिहिते ते मुख्यतः कंपन्यांच्या पैशाबद्दल आहे, कारण तुमच्या आकाराच्या संस्थेला इंदूरमध्ये तोच सगळ्यात जवळचा. परदेशी निधीला एफसीआरएची सरकारी नोंदणी लागते, ती होईपर्यंत त्या दिशेला वेळ घालवू नका. घरगुती ट्रस्टांचं गणित वेगळं असतं, तिथे कुटुंबातला एक माणूस ठरवतो आणि त्याची तऱ्हा तोच जाणे.

आधी त्या खुर्चीवर बसलेल्या बाईचं काम काय असतं ते सांगते. प्रोग्राम ऑफिसर पैसे देत नाही. ती वर्षातून दोन-चार वेळा एका बैठकीसाठी टिपण लिहिते. बैठकीत संचालक असतात, फायनान्सचा माणूस असतो, तुम्ही नसता. तिथे ‘हेच का? इथेच का? हीच संस्था का?’ असं विचारलं की उत्तर तिला द्यायचं असतं, आणि काही गडबड झाली तर सहा महिन्यांनी खुलासाही तिलाच द्यायचा असतो. म्हणून ‘ओळख’ म्हणजे तुमचं नाव माहीत असलेला माणूस नव्हे. तुमच्या वतीने त्या खोलीत दोन मिनिटं न अडखळता बोलू शकेल असा माणूस. मेलमधून तो तयार होत नाही, कारण तिने तुमचं काम पाहिलेलंच नसतं.

एक गोष्ट मात्र फोन उचलण्याआधी हवी. तुम्ही १२ए आणि ८०जी लिहिलंत, सीएसआर-१ चा उल्लेख केला नाहीत. १ एप्रिल २०२१ पासून कंपनीचा सीएसआरचा पैसा घेणाऱ्या संस्थेला कंपनी मंत्रालयाकडे हा फॉर्म भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. तो तुमच्या सीएकडून प्रमाणित करून भरता येतो. त्याशिवाय बाहेरच्या संस्थेला त्याच प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. तुमची साडेतीन वर्षं झालीत, म्हणजे या दारातून तुम्ही आत्ताच आत आलाय. पहिल्या दोन वर्षांत पाठवलेल्या मेलांना उत्तर न येण्याचं एक कारण हेही असेल.

आता कंपन्यांची यादी. साठ नकोत, बारा पुरे. csr.gov.in वर राज्य, जिल्हा आणि कंपनीनुसार खर्च पाहता येतो. शिवाय सीएसआर समितीत कोण आहे, धोरण काय आहे आणि बोर्डाने कोणते प्रकल्प मंजूर केले आहेत, हे कंपनीने आपल्या वेबसाइटवर टाकणं नियमाने बंधनकारक आहे. दोन दुपारी बसून इंदूर, देवास आणि धार या तीन जिल्ह्यांत लहान मुलं, पोषण किंवा स्थलांतरित मजूर यांवर खर्च करणाऱ्या कंपन्या शोधा. नुसतं ‘शिक्षण’ लिहिलेल्या सगळ्या घेऊ नका. शाळेला बाकं देणारी कंपनी पाळणाघराला पैसे देईलच असं नाही.

यादी करताना एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा, इंदूरचे लोक इथे हटकून चुकतात. पीथमपूर आपल्याला घराजवळचं वाटतं, पण ते धार जिल्ह्यात आहे. कायदा कंपनीला सांगतो की आपल्या कामाच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या. हे बंधन नाही, पण टिपण लिहिणाऱ्या बाईला ‘इंदूरच का?’ हा प्रश्न टाळायचा असतो. मग तुमच्या रजिस्टरात बघा, किती मुलांचे आईवडील धारच्या कुक्षी, डही, गंधवानीकडून आलेत? समजा ५० पैकी १८ निघाले. तर तुमचं काम धारच्या कुटुंबांचंही आहे, ही कुटुंबं वर्षातले आठ महिने इंदूरच्या साइटवर राहतात एवढंच. आलेल्या प्रत्येक मुलाचं गाव आणि तालुका लिहून ठेवत नसाल, तर उद्यापासून लिहा.

दुसरी गोष्ट, माणूस कुठे बसतो. बऱ्याच मोठ्या कंपन्यांचा सीएसआर विभाग मुंबई-दिल्लीसारख्या शहरात असतो. पीथमपूरच्या प्लांटमध्ये हे काम एचआर किंवा अ‍ॅडमिनचा मॅनेजर आपल्या इतर कामांसोबत सांभाळतो. त्याच्या हातात पैसा फार नसतो, पण मुंबईहून ‘तिथे काय गरज आहे?’ असं विचारलं की उत्तर तोच देतो. लोक मुंबईच्या साहेबांच्या मागे लागतात आणि याला विसरतात. मी त्या खुर्चीवर असताना प्लांटच्या फाटकाशी येऊन, बसून बोलून गेलेल्या संस्था वर्षाला जेमतेम चार-पाच असायच्या. त्यांची नावं अजून आठवतात.

आता मुख्य मुद्दा, पहिली भेट कशी घडवायची. फोन करून वेळ मागता येते, पण त्याहून चांगला रस्ता त्या कंपनीकडून आधीच पैसे घेणाऱ्या संस्थेतून जातो. माझंच सांगते.

आम्ही धारच्या मुलींच्या वसतिगृहांत रक्तक्षयावर काम करतो. हिमोग्लोबिन तपासायचं, लोहाच्या गोळ्या खाल्ल्या जातात का ते बघायचं, तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. डोळे तपासणारी एक संस्था होती, तिला एका कंपनीकडून अनुदान मिळायचं आणि वर्षाला ठरावीक संख्येने मुलामुलींची तपासणी करून द्यायची होती. त्यांना वसतिगृहात शिरायची परवानगी, मुलींच्या याद्या आणि एक खोली मिळत नव्हती. आमच्याकडे तिन्ही होतं. मी त्यांना म्हटलं, या, आमच्या दोन वसतिगृहांत कॅम्प लावा, याद्या आम्ही करतो. बदल्यात काही मागितलं नाही, फक्त एवढंच सांगितलं की कंपनीचं कुणी बघायला येणार असेल तर मला आधी कळवा.

नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनीच्या बाई आल्या. आल्या होत्या चष्म्यांसाठी, पण दोन तास आमच्याच व्हरांड्यात उभ्या होत्या. मी काही मागितलं नाही. चहा देताना त्यांना भिंतीवर टांगलेलं रजिस्टर दिसलं, प्रत्येक मुलीपुढे तीन तारखांचे तीन आकडे. त्यांनी विचारलं, ‘हे कोण भरतं?’ वसतिगृहातली नववीतली मुलगीच भरते, असं सांगितलं. त्यांनी त्या मुलीला बोलावून तिच्याकडून आकड्यांचा अर्थ विचारून घेतला. ओळख झाली ती तिथे, आणि माझ्यापेक्षा त्या मुलीमुळे.

तुमच्याकडे तर याहून दुर्मीळ गोष्ट आहे. लसीकरण, दात, डोळे, कुपोषण यांवर काम करणाऱ्या संस्थांना स्थलांतरित मजुरांची मुलं सापडत नाहीत, आज या साइटवर तर उद्या त्या. तुमच्याकडे ५० मुलं रोज एका जागी बसतात. तुमच्या बारा कंपन्यांकडून पैसे घेणाऱ्या संस्थांपैकी तीन अशा निवडा, ज्यांचं काम तुमच्या साइटवर एक दिवस होऊ शकेल. त्यांना फोन करताना ‘तुमच्या फंडरशी ओळख करून द्या’ असं म्हणू नका. तसं म्हटलं की त्यांना आपल्या ताटातली पोळी जाताना दिसते. तुमच्या साइटवर काय होऊ शकतं ते सांगा. कॅम्प झाल्यावर मग विचारा की तिकडच्या मॅडम कशा आहेत, त्यांना कसा रिपोर्ट आवडतो, निर्णय कधी होतात. आतल्या गोष्टी इथेच कळतात, वेबसाइटवर नाही.

भेट ठरली की वीस मिनिटं मिळतील असं धरून चला. पहिली पाच तुमच्या कामाची, उरलेली त्यांच्या प्रश्नांची. एक कागद न्या, एकच. प्रेझेंटेशन नको. तुमच्यासारख्या कामासाठी तो कागद कसा दिसेल, ते करून दाखवते. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुमचे टाका.

दोन केंद्रं, ५० मुलं, वर्षाचे २९० दिवस. चार ताई, महिना ९,००० प्रमाणे वर्षाला ४,३२,०००. आहार, एका मुलामागे दिवसाला २८ रुपये, म्हणजे ४,०६,०००. एक समन्वयक, महिना १५,०००, वर्षाला १,८०,०००. औषधं, खेळणी आणि प्रवास मिळून १,००,०००. हिशेब आणि ऑडिट ३२,०००. एकूण ११,५०,०००, म्हणजे एका मुलामागे वर्षाला २३,०००. जागा, वीज आणि पाणी बिल्डर देतो, हेही लिहा. कुणीतरी आधीच आपला वाटा उचललाय हे तिथे दिसतं.

समन्वयकाचा पगार आणि ऑडिट लपवू नका. बऱ्याच छोट्या संस्था ‘अ‍ॅडमिनवर पाच टक्केच चालतात’ असं ऐकून हे खर्च आहारात घुसवतात आणि मग बिलं जुळत नाहीत. ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे, तुमच्या प्रकल्पातल्या माणसांच्या पगाराला नाही. काही कंपन्या स्वतःहून संस्थेवर मर्यादा घालतात, ते त्यांचं धोरण. ते पहिल्या भेटीत सरळ विचारून घ्यावं.

एक प्रश्न तुम्हाला हमखास येईल: ‘हे तर बिल्डरने करायला हवं ना?’ प्रश्न बरोबर आहे. ठरावीक संख्येपेक्षा जास्त कामगार असलेल्या साइटवर मुलांची सोय करणं ही कायद्यानं काम देणाऱ्याची जबाबदारी आहे, आणि कायद्याने जे करायचंच आहे ते सीएसआर म्हणून दाखवता येत नाही. पण ही अडचण त्या बिल्डरची, औषध कंपनीची नव्हे. तरीही ‘आम्ही दुसऱ्याची जबाबदारी का उचलायची?’ असं समितीत कुणीतरी म्हणणारच. म्हणून उत्तर आधीच कागदावर असू द्या: कोणत्या साइट त्या संख्येच्या खाली आहेत, बिल्डर काय देतो, आणि त्याच्याकडून पुढे काय मागायचं ठरवलंय. मी समितीसमोर बसायचे तेव्हा असं उत्तर हातात देणाऱ्या संस्थेची फाइल हलकी वाटायची.

भेटीनंतर समोरच्याला खरंच रस आहे की नुसतं सौजन्य, हे कसं ओळखायचं? ‘छान काम आहे, प्रपोजल मेल करा’ म्हणजे बहुतेक वेळा नमस्कार. सीएसआर-१ चा क्रमांक, तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, ‘चार ताईंऐवजी तीन चालतील का?’ असा एखादा चिडवणारा प्रश्न, किंवा साइटवर यायची तारीख मागितली, की समजा टिपण डोक्यात सुरू झालंय. बजेटवर कुणी भांडत नसेल तर खूश होऊ नका.

आमच्या वसतिगृहात आलेल्या त्या कंपनीच्या बाई जानेवारीत पुन्हा आल्या, कागद घेऊन गेल्या, आणि मे महिन्यात नकार कळवला. त्या वर्षीचा आरोग्याचा पैसा एका हॉस्पिटलच्या मशीनकडे गेला होता. मी दोनच गोष्टी विचारल्या: आक्षेप आमच्या कामावर होता की पैशाच्या वाटपावर, आणि पुढच्या वर्षाची योजना कधी बसते? त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. कंपनीची वार्षिक योजना आधी समितीकडे आणि मग बोर्डाकडे जाते, आणि अनेक ठिकाणी तिची जुळवाजुळव दिवाळीनंतर सुरू होते. प्रत्येक कंपनीचे महिने थोडे वेगळे, म्हणून विचारायचं. एप्रिल-मेमध्ये नवीन प्रपोजल घेऊन जाणं म्हणजे पंगत बसल्यावर आमंत्रण मागणं.

त्यानंतर दर तीन महिन्यांनी मी त्यांना एक निरोप पाठवत राहिले. तीन ओळी: एक आकडा, एक घडलेली गोष्ट, एक अडचण. मागणी काहीच नाही. अडचणीची ओळ सगळ्यात महत्त्वाची निघाली. एकदा लिहिलं, ‘दोन महिने गोळ्यांचा पुरवठा नव्हता, म्हणून या वेळी आकडे खाली आले.’ त्यावर त्यांचा फोन आला. वर्षभरात तेवढा एकच, पण त्या फोनमध्ये त्यांनी जे विचारलं ते कुठल्याही भेटीत विचारलं नव्हतं. सतत वर जाणारे आकडे बघून ऑफिसर सावध होते. मी स्वतः व्हायचे.

मग नेहमीचं झालं. त्यांनी नोकरी बदलली. प्रोग्राम ऑफिसर दोन-तीन वर्षांत हलतात, आणि संस्थांना वाटतं सगळं बुडालं. त्या जाणार हे कळल्यावर मी एकच विनंती केली, की त्यांच्या जागी येणाऱ्यांसाठी आमच्याबद्दल दोन ओळी लिहून ठेवाल का? त्यांनी ठेवल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या माणसाचा फोन आला: ४ लाख शिल्लक आहेत, मार्चअखेर खर्च होतील का?

इथे मोह आवरावा लागतो. कंपनीने दिलेला पैसा ठरल्या कामावरच खर्च झाला, हे त्यांच्या फायनान्स प्रमुखाला प्रमाणित करावं लागतं. आम्ही सहा आठवड्यांत तपासणी किट आणि दोन वसतिगृहांचा खर्च धरून २,४०,००० पर्यंतच नीट खर्च करू शकत होतो. तेवढेच घेतले, आणि का ते लिहून दिलं. उरलेले १,६०,००० त्यांनी दुसऱ्या संस्थेला दिले. मला रात्री झोप लागली नाही, खोटं कशाला सांगू. पण पुढच्या वर्षीच्या योजनेत आमचं नाव आलं, आणि आधीच्या बाईंनी नव्या कंपनीतून आम्हाला स्वतःहून बोलावलं.

आता माझी एक चूकही सांगते, कारण आपल्या इंदूरच्या मराठी मंडळींत हा मोह मोठा आहे. इथे प्रत्येकाचे कुणीतरी काका कुठल्या तरी कंपनीतून रिटायर झालेले असतात, आणि गणेशोत्सवाच्या मांडवात ‘मी बोलतो ना साहेबांशी’ असं ऐकायला मिळतं. मी एकदा असंच एका नातेवाइकांच्या वर्गमित्रामार्फत थेट संचालकांना भेटले. ते प्रेमाने बोलले आणि फाइल वरून खाली पाठवली. खालच्या ऑफिसरला वाटलं, हिने मला डावललं. तेच ते कागद तीन-तीनदा मागितले गेले, साइटची भेट पुढे ढकलत राहिली, आणि आठ महिन्यांनी संचालक दुसरीकडे गेल्यावर फाइल बंद झाली. काका असतील तर त्यांच्याकडून एवढंच घ्या: सीएसआर कोण बघतं, त्या व्यक्तीचं नाव आणि टेबल. पुढचं तुम्ही करा.

आणि ‘ग्रँट मिळवून देतो, इतके टक्के द्या’ म्हणणारे भेटतील, साइटचे फोटो बघून तर नक्कीच. ते टक्के तुमच्या कुठल्याच बजेटमध्ये खरेपणाने दाखवता येत नाहीत, मग खोटी बिलं लागतात. तिथेच नको म्हणा.

थोडक्यात तुमचं पुढचं वर्ष: या महिन्यात सीएसआर-१, रजिस्टरात गाव-तालुका आणि एक पानी बजेट. दिवाळीआधी बारा कंपन्यांची यादी आणि तीन संस्थांशी बोलणं. डिसेंबरपर्यंत तुमच्या साइटवर कुणाचा तरी एक कॅम्प. पहिल्या वर्षी एकही अनुदान आलं नाही तरी मला नवल वाटणार नाही. आमच्या बाबतीत पहिल्या भेटीपासून पहिल्या चेकपर्यंत पंधरा-सोळा महिने गेले, आणि माझ्याकडे जुन्या नोकरीची ओळख होती. तोपर्यंत ताईंचे पगार कशातून निघतील याचं गणित वेगळं ठेवा; छोट्या वैयक्तिक देणग्या आणि बिल्डरचा वाटा याच दोन जागा मला दिसतात.

ते साठ मेल पुन्हा पाठवू नका. त्यातली जी नावं बारांत येतील, तिथे प्लांटच्या लँडलाइनवर फोन करून एचआर किंवा अ‍ॅडमिनला जोडून मागा. मंगळवार ते गुरुवार, सकाळी अकरानंतर. सोमवारी बऱ्याच ठिकाणी प्रॉडक्शन मीटिंग असते.